इटलींतील आईस चार ओळी

चऱ्होली हें आळंदीजवळ इंद्रायणीच्या कांठचें गांव. आतां तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत मोडतें. अशा गांवची एखादी विद्यार्थिनी इटलींतील एका कुटुंबांत वर्षभर राहून परत आली आहे, अशी कल्पना करावी. ज्या माउलीनें तिला लेकीप्रमाणें वागविलें, तिला मातृदिनीं तिच्याच भाषेंत चार ओळी धाडावयाच्या आहेत. आपल्याकडे मातृदिन श्रावण महिन्यांत पिठोरी अमावास्येस येतो. इटलींत तो मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं असतो.

ओळी अशा होतील : 'कारा माम्मा, तान्ती आउगुरी! सोनो तोर्नाता आ कासा, मा मी मान्की. ग्रात्सिए पेर ला तुआ मिनेस्त्रा काल्दा. ती व्होल्यो तान्तो बेने.' अर्थ असा, की प्रिय आई, अनेक शुभेच्छा. मी घरीं परत आलें, पण मला तुझी उणीव भासते. तुझ्या हातच्या गरम सूपाबद्दल आभार. तुझ्यावर माझी फार माया आहे.

मराठी माणसास पहिला चकवा बसतो तो दोन ओळखीच्या ध्वनींचा. येथें 'मी' म्हणजे 'मला', आणि 'ती' म्हणजे 'तुला'. 'मी मान्की' या वाक्याचा कर्ता ती आई आहे. ती लेकीला उणी भासते. ही घडण मराठीच्या 'मला तुझी उणीव भासते' हिला जवळची आहे. परंतु लेकीनें स्वतःला कर्ता करून 'ती मान्को' लिहिलें, तर अर्थ नेमका उलटतो : 'तुला माझी उणीव भासते.' प्रेमाच्या जागीं आढ्यता दिसूं लागते.

दुसरा चकवा प्रेमाच्या शब्दाचा. 'ती आमो' हें मुख्यतः प्रियकर-प्रेयसीचें आणि पतिपत्नीचें बोलणें. आईला, भावंडांना, मित्रांना 'ती व्होल्यो बेने' म्हणतात. अक्षरशः त्याचा अर्थ 'तुझें बरें इच्छितें', पण बोलण्यांत भाव मायेचा. मराठींतही आईपाशीं 'प्रेम' या शब्दाहून 'माया' हाच अधिक शोभतो.

'तोर्नाता' हें रूप मुलीचें आहे. मुलगा असल्यास 'तोर्नातो' लिहावें, जसें मराठींत 'आलें' आणि 'आलों'. आदरार्थी सर्वनामाचा मोह मात्र टाळावा. घरांत जिला 'तू' म्हटलें, तिला पत्रांत 'आपण' म्हटल्यानें ती परकी होते. 'माम्मा' न म्हणतां नांवानेंच हांक मारण्याची संवय असेल, तर पत्रांतही नांवच घालावें.

राहिलें तें सूप. 'ग्रात्सिए दी तुत्तो', म्हणजे 'सर्वांबद्दल आभार', हें वाक्य शुद्ध आहे; पण तें कोणीही कोणासही लिहील. थंडीच्या रात्रीं पुढें आलेला तो वाडगा त्या दोघींनाच ठाऊक आहे.