मेंदीच्या चार फोटोंचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी मेंदी स्पर्धेच्या बक्षीस समारंभात परीक्षक म्हणून केलेले भाषण)



नागपंचमीच्या मेंदीची स्पर्धा फोटोंवरून घ्यायची असं ठरलं, तेव्हा बऱ्याच भगिनींनी विचारलं, "काका, बँकेतल्या माणसाला मेंदीतलं काय कळतं?" प्रश्न रास्त आहे. पण चेकवरची सही नमुना कार्डाशी ताडून बघण्यात माझं आयुष्य गेलं. इथंही काम ताडून बघण्याचंच होतं. निकालावर थोडी कुजबूज कानावर आली, म्हणून हिशेब सगळ्यांसमोर मांडतो.

प्रत्येकीकडून आपण एकाच हाताचे चार फोटो मागितले होते. पहिला ओली मेंदी असताना, दुसरा ती खरवडल्याबरोबर, तिसरा दोन दिवसांनी आणि चौथा आठव्या दिवशी. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता आणि हाताशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून. त्या कागदाचं अनेकांना हसू आलं. पण तोच माझा नमुना! कागद पिवळट दिसला, तर मेंदीचा लालपणाही तेवढाच उसना समजायचा. एका फोटोत बल्बच्या उजेडानं रंग फार गडद वाटत होता, पण कागदही हळदीत बुडवल्यासारखा दिसत होता. तो फोटो दिवसाउजेडी परत काढायला लावला, तेव्हा खरा रंग समजला.

रेखीवपणा पहिल्या फोटोत कळतो असं वाटतं, पण ओली मेंदी फुगीर असते, तिच्याखाली चुका झाकतात. म्हणून मी दुसरा फोटो मोठा करून बघितला. जाळीचे चौकोन सारखे आहेत का, वेलीचं टोक निमुळतं होतं की गोळा होऊन थांबतं, आणि दोन रेघांच्या मधल्या कातडीवर केशरी छटा आहे का. ती छटा असली की समजायचं, मेंदी पातळ होती किंवा लिंबू-साखरेचं पाणी जास्त झालं आणि रंग पसरला.

आता रंग. मेंदीच्या पानातलं लॉसोन नावाचं द्रव्य कातडीच्या वरच्या थरात मुरतं. खरवडल्यावर ते केशरी दिसतं, मग हवा लागून दीड-दोन दिवसांत गडद तपकिरी होतं. म्हणून रंगाचे गुण तिसऱ्या फोटोवर दिले. तळव्याची कातडी जाड, तिथं रंग चढतो. मागच्या बाजूची पातळ, तिथं फिकाच राहतो. त्यामुळं तळवा तळव्याशीच ताडला. मेंदी रंगली की सासरची माया जास्त, असं म्हणतात. सासूबाईंनी मनाला लावून घेऊ नये, तो कातडीचा गुण आहे!

एक प्रवेशिका खरवडल्याबरोबरच काळीभोर होती, तळव्यावर आणि मागेही सारखीच. निव्वळ मेंदी असं कधी करत नाही. अशा 'काळ्या मेंदी'त बहुतेक वेळा केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं आणि त्यानं हाताला फोड येऊ शकतात. ती प्रवेशिका बाजूला ठेवली. त्या मुलीचा दोष नाही, कोन बाजारातला आयता होता. पण तिला बक्षीस दिलं असतं, तर पुढच्या वर्षी लहान मुलींच्या हातावर तेच कोन आले असते.

खरी कुजबूज आहे ती सात नंबरच्या प्रवेशिकेवर. "आठव्या दिवशी तिची बोटं निम्मी पुसली होती, तरी पहिला नंबर कसा?" बघा, फिका डाग कोणत्या फोटोत पहिल्यांदा दिसतो, त्यावर सगळं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोतच जागा फिकी असेल, तर मेंदी लवकर सुटून पडली, तो काढणारीचा कमीपणा. तिसऱ्या फोटोपर्यंत रंग एकसारखा आणि फक्त चौथ्यात बोटांची टोकं गेलेली असतील, तर ती जागा भांडी घासताना, भाकरी थापताना झिजली. कातडीचा वरचा थर निघाला, त्याबरोबर रंगही निघाला. सात नंबरच्या तिसऱ्या फोटोत बोटांची टोकंसुद्धा गडद होती, आणि आठव्या दिवशीही तळव्याच्या खोलगट भागातली जाळी घर न् घर मोजता येत होती. टिकाऊपणाचे गुण मी सगळ्यांना त्या खोलगट भागावरच दिले, कारण तिथं घासणं कमी. बोटांवर दिले असते, तर जिच्या हाताला काम कमी तिचा नंबर आला असता. ती मेंदीची स्पर्धा झाली नसती.

चारही फोटो आणि गुणांचा तक्ता ऑफिसात ठेवला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी जरूर ताडून बघावा. सर्व स्पर्धक भगिनींचं अभिनंदन करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!