मऊ शब्दांचा हिशेब

आपल्याकडे माणूस सहसा मरत नाही. त्याला देवाज्ञा होते. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानही बंद करत नाहीत, वाढवतात. यावर हसणं सोपं आहे. पण निधनवार्तेत 'देवाज्ञा झाली' वाचून आजवर कोणी फसलेलं नाही; अंत्ययात्रा किती वाजता निघणार, ते खालीच छापलेलं असतं. खरं काय ते दोन्ही बाजूंना ठाऊक असलं, की मऊ शब्द हा निव्वळ शिष्टाचार असतो.

इस्पितळात मात्र एका बाजूला ते ठाऊक नसतं. 'ते आता राहिले नाहीत' हे धास्तावलेल्या मुलाच्या कानावर पडतं आणि तो विचारतो, 'मग कुठे हलवलंत?' म्हणून डॉक्टरांना शिकवतात, की 'मृत्यू झाला' हे शब्द एकदा स्पष्ट उच्चारा, मग गप्प बसा. मायेनं बोलायला नंतर वेळ असतो.

खरी गोम आहे ती नोकरीत. पूर्वी 'नारळ दिला' म्हणत. निदान नारळ कोणी दिला, ते कळायचं. आता केबिनमध्ये बोलावून म्हणतात, 'आपण सामंजस्यानं वेगळे होऊ. तुम्हीच राजीनामा द्या, पुढे बरं दिसेल.' समजा, बोलावलेला माणूस लहान कारखान्यातला कामगार आहे, आठ वर्षांची सलग नोकरी, महिना पगार ३०,००० रुपये. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेची चौकट अशी, की कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ढोबळमानानं नोटिशीचे ३०,००० आणि भरपाईचे १,२०,०००. शेवटी आलेला साधारणपणे आधी जातो, आणि वर्षभरात पुन्हा भरती झाली तर कपातीत गेलेल्याला प्राधान्य. 'स्वेच्छेनं' राजीनामा दिला, की ही कपात उरतच नाही आणि दीड लाखावरचा हक्कही जातो. (पाच वर्षं भरली असली तर ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंही बुडत नाही; कायद्याच्या अर्थानं 'कामगार' नसलेल्या व्यवस्थापकाचा हिशेब वेगळा.)

'बरं दिसेल' हे अगदीच खोटं नाही. नवा मालक जुना कागद बघतोच. म्हणून अनुभवाच्या दाखल्यात 'कंपनीच्या सेवेतून मुक्त झाले' असं खुशाल लिहू द्यावं. तो कागद जगासाठी आहे. हिशेबाच्या कागदावर मात्र 'कपात' हा शब्द आणि रक्कम मागावी. द्यायला तयार नसतील, तर त्या सौजन्याची किंमत कोण मोजतंय ते तिथंच कळतं.

सही लगेच करू नये. 'घरी विचारून सांगतो' म्हणावं आणि त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल पाठवावा: आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी स्वतःहून नोकरी सोडू इच्छीत नाही. पुढे 'स्वेच्छेनं' या शब्दावरून वाद झालाच, तर त्या तारखेचा हा कागद हाताशी असतो.