बैलाले आणि बैलायले



अमरावती-अकोला जिल्ह्यांतल्या शिक्षकांसमोर या व्यासपीठावरून भाषेच्या भवितव्यावर बोलण्याची रीत आहे. मी मात्र आज एकाच तासिकेवर बोलणार आहे. सातवीचा वर्ग, विषय मराठी, घटक नामाची विभक्ती. हा तास आपण सगळ्यांनी घेतलेला आहे, आणि बहुतेकांनी तो तक्त्यापासून सुरू केलेला आहे. प्रथमा, द्वितीया, तृतीया, स-ला-ते, ने-ए-शी. मुलं ते तालावर पाठ करतात आणि दुसऱ्याच दिवशी निबंधात ‘मुलाना’ लिहितात.

त्या तक्त्याकडे एकदा नीट बघा. त्यातला ‘ते’ हा प्रत्यय आपल्या वर्गातलं एकही मूल बोलत नाही, त्यांच्या आज्यापणज्याही बोलत नव्हत्या. तो जुन्या मराठीत भेटतो. ‘स’ पत्रांत आणि अर्जांत उरला आहे. पण जो प्रत्यय हे मूल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत वापरतं, तो ‘ले’ तक्त्यात नाही. मले, तुले, मायले, वावराले. हा ‘ले’ काही कालपरवा बिघडलेल्या तोंडून आलेला नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली छापून आला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत आणि त्यांत ‘ले’ आहे. म्हणून पाठ टाचण काढताना तक्ता तासाच्या शेवटी ठेवायचा आणि सुरुवात मुलांच्या वाक्यांपासून करायची, असं माझं मत आहे. ते कसं, हे दर्यापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी घेतलेल्या तासाच्या आधारे सांगतो.

पहिलं काम वाक्यं गोळा करण्याचं. ‘वऱ्हाडीत एक वाक्य सांग’ असं कधीही म्हणू नये. तसं म्हटलं की मुलं एकपात्री प्रयोगातली भाषा आणतात, वर्ग हसतो आणि खरी बोली तोंडात परत जाते. त्याऐवजी काहीतरी विचारावं. काल संध्याकाळी घरी काय काय झालं? बहिरमच्या यात्रेत काय पाहिलं? मूल सांगत असताना आपण कागदावर जसंच्या तसं टिपून घ्यायचं. ‘पानी’ ऐकू आलं तर ‘पानी’, ‘शायेत’ ऐकू आलं तर ‘शायेत’. हे काम तासाच्या आदल्या दिवशी करावं, कारण निवडायला रात्र लागते. कोणाच्या घरातली उणीदुणी फळ्यावर जाणार नाहीत, हे बघावं. वाक्यासमोर मुलाचं नाव लिहू नये. दहा वाक्यं पुरतात, पण त्यांत एकच नाम एकदा एकवचनी आणि एकदा अनेकवचनी यायला हवं. अशी जोडी आपोआप मिळाली नाही तर आणखी थोडं विचारावं.

मला मिळालेली काही वाक्यं अशी होती: ‘बाबानं बैलायले पानी पाजलं.’ ‘एका बैलाले गोमाश्या लागल्या.’ ‘माय कापूस वेचाले वावरात गेली.’ ‘सरपंचानं लोकायले बलावलं.’ ‘पोट्ट्यायनं चिचा पाडल्या.’ ‘मामा अकोल्याहून आला.’ ‘आम्ही अमरावतीले गेलो.’

ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि विचारलं, ‘ले’ कुठं कुठं आहे? मुलांनी खडू घेऊन सगळ्या ‘ले’भोवती गोल काढले. बैलायले, बैलाले, लोकायले, अमरावतीले, आणि ‘वेचाले’सुद्धा. एकानं तर ‘पोट्टे गेले’ हे स्वतःचं वाक्य सांगून त्यातल्या ‘गेले’लाही गोल काढायला सांगितला. या चुका होऊ द्याव्यात, नव्हे, त्या झाल्याच पाहिजेत, कारण इथूनच व्याकरण सुरू होतं. ‘ले’वर बोट ठेवा आणि उरलेल्याकडे बघा. ‘अमरावतीले’तून ‘अमरावती’ उरते. ‘गेले’तून ‘गे’ उरतो, त्याला काही अर्थ नाही. ‘वेचाले’तून ‘वेचा’ उरतं, ते काम आहे, वस्तू नाही. हा ‘वेचाले’ म्हणजे पुस्तकातला ‘वेचायला’. तो बाजूला ठेवला, पण खोडला नाही. क्रियापदाच्या तासाला तो परत लागतो.

आता खरा प्रश्न. ‘अमरावतीले’ म्हणताना अमरावती जशीच्या तशी राहते. मग अकोल्याचं काय? ‘अकोलाले’ कोणी म्हणतं का? सगळा वर्ग ओरडला, ‘नाई, अकोल्याले!’ म्हणजे प्रत्यय लागण्याआधीच शब्दानं अंग बदललं. या बदललेल्या अंगाला पुस्तकात सामान्यरूप म्हणतात, एवढंच मी सांगितलं. नाव नंतर आलं, गोष्ट आधी हाताला लागली. मग प्रत्येक नामासाठी दोन रंगांचे खडू घेतले. पांढऱ्यानं मूळ शब्द, पिवळ्यानं प्रत्यय, आणि मधे जे वाढलं किंवा बदललं त्याच्याखाली रेघ. वावर, वावरा-त. पोट्टा, पोट्ट्या-नं. यात्रा, यात्रे-ले.

आणि इथंच ‘बैलाले’ आणि ‘बैलायले’ समोरासमोर आले. दोन्हींत बैल आहे, दोन्हींत ‘ले’ आहे. फरक कशाचा? मागच्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, ‘एक बैल असन तं बैलाले, जोडी असन तं बैलायले.’ मित्रहो, या एका वाक्यासाठी मी आज इथं उभा आहे. अनेकवचनाच्या सामान्यरूपाचा नियम त्या मुलीला पूर्ण येत होता. वऱ्हाडीत तो ‘य’च्या रूपानं कानाला स्वच्छ ऐकू येतो. काही गावांत तो ‘बैलाइले’ असा ‘इ’सारखा ऐकू येतो, जो ऐकू येईल तो लिहावा. आणि हा ‘य’ फक्त ‘ले’पुरता नाही. बैलाचं, बैलायचं. बैलानं, बैलायनं. प्रत्यय कोणताही लावा, एकाहून जास्त झाले की मधे ‘य’ हजर.

प्रमाण मराठीत हेच काम अनुस्वार करतो. बैलाचे, बैलांचे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायला सांगितलं आहे. पण तो अनुस्वार आपल्या मुलांच्या कानात वाजत नाही, म्हणून लिहिताना सुटतो, आणि आपण वर्षानुवर्षं तांबड्या शाईनं ते टिंब देत बसतो. त्या दिवशी मी फळ्यावर दोन रांगा मांडल्या. डावीकडे मुलांची रूपं, उजवीकडे पुस्तकातली. लोकायचं, लोकांचे. पोट्ट्यायनं, पोरांनी. बैलायले, बैलांना. मग विचारलं, तुमचा ‘य’ पुस्तकात कुठं गेला? थोडा वेळ शांतता होती, मग एकेक बोट टिंबाकडे गेलं. लिहिताना शंका आली तर वाक्य आपल्या घरच्या बोलीत मनात म्हणून बघायचं. ‘य’ आला तर अनुस्वार द्यायचा.

हा पडताळा हाताशी आला तरी दोन चुका येतातच, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. काही मुलं ‘बैलांला’ लिहितात. त्यांना अनुस्वार कळला आहे, पण त्यांच्या बोलीत एकाला आणि अनेकांना ‘ले’ एकच असल्यामुळे ‘ला’चा ‘ना’ होतो हे कळलेलं नाही. काही ‘बैलाना’ लिहितात. त्यांना ‘ना’ कळला आहे, अंग कळलेलं नाही. दोघांनाही ‘चूक’ एवढंच लिहून वही परत दिली तर दोघंही तिथंच राहतात. पहिल्याला ला आणि ना यांच्या जोड्या लिहायला द्याव्यात, दुसऱ्याला पुन्हा घरच्या ‘य’कडे न्यावं. शिवाय ‘पोट्ट्याले’मधला ‘या’ पाहून काही जण फसतात आणि एकवचनालाही अनुस्वार देतात. त्यांच्यासमोर पोट्ट्याले आणि पोट्ट्यायले असं दोन्ही म्हणून दाखवलं की फरक कळतो.

कर्माचंही थोडं सांगतो. ‘बैलायले पानी पाजलं’ यात बैलाला ‘ले’ आहे, पाण्याला काही नाही. ‘कापूस वेचला’ यात कापूस कोराच आहे. ‘कापसाले वेचला’ असं कोणी म्हणत नाही. ‘सरपंचानं लोकायले बलावलं’ यात मात्र लोकांना ‘ले’ लागला. काय वेचलं? कापूस. कोनाले बलावलं? लोकायले. मुलांनी काय आणि कोनाले हे दोन प्रश्न दहाही वाक्यांना विचारले, आणि कर्म म्हणजे द्वितीया, द्वितीया म्हणजे ‘ला’, हे समीकरण कुठं चालतं आणि कुठं नाही, ते त्यांना स्वतःच दिसलं. पाणी पाजल्यावर बैल द्वितीयेत की चतुर्थीत, हा वाद सातवीत घालू नये. प्रत्यय दोन्हीकडे तोच असताना त्या वयात तो नुसता नावांचा खेळ होतो.

हा पाठ सगळीकडे चालेल असं मात्र नाही. अमरावती-अकोला शहरांतल्या कितीतरी घरांत आता ‘ला’च बोलतात, तिथं ‘य’ मिळणार नाही, आणि तो बाहेरून आणून शिकवणं म्हणजे पुन्हा तक्ताच शिकवणं. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे मुलाची भाषा कोरकू असते. ती मुंडा कुळातली भाषा, तिथं या जोड्या लागू होत नाहीत. त्या वर्गासाठी कोरकू बोलणाऱ्या शिक्षकांनी त्या भाषेतली वाक्यं घेऊन वेगळं टाचण काढायला हवं.

आणि खुद्द वऱ्हाडी वर्गातही एका जागी ‘य’ साथ सोडतो. वडलांबद्दल मूल ‘बाबाले सांगतलं’ म्हणतं, मास्तरांबद्दल ‘गुरुजीले’. इथं ‘य’ नाही. पण प्रमाण लेखनात आदरार्थी बहुवचनालाही अनुस्वार लागतो, बाबांना, गुरुजींना. घरच्या बोलीचा पडताळा घेणारं हुशार मूल इथं हमखास ‘गुरुजीला’ लिहितं. म्हणून ही रूपं पहिल्या तासात आणू नयेत. त्यांच्यासाठी दुसरा तास ठेवावा आणि आदल्या दिवशी मुलांना वेगळं काही विचारावं: घरी कोण आलं होतं? कोणी ‘मामा आला’ म्हणेल, कोणी ‘गुरुजी आले’ म्हणेल. ‘आले’ म्हणणाऱ्यांनाच पुढं विचारावं, ‘मग त्यायले च्या दिला का?’ ‘गुरुजीले’ म्हणणारं मूलही पुष्कळदा सर्वनामात ‘त्यायले’ म्हणतं, आणि तिथं ‘य’ पुन्हा सापडतो. आदराचं बहुवचन क्रियापदात आहे, सर्वनामात आहे, नामात नाही. फळ्यावर ही तीन रूपं एकाखाली एक मांडावीत आणि पुस्तकात नामानंही तेच करायचं असतं, एवढं सांगून ‘गुरुजींना’वरचा अनुस्वार मुलांकडूनच देववावा.