एका कवितेत दोन भाषा
(कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



काल रात्री मी जी कविता म्हटली, तिच्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, "अर्धी अहिराणीत, अर्धी कागदी मराठीत, असं का? एकच भाषा धर ना." त्याचं उत्तर आज देतो.

कविता जबाबाची आहे. जमिनीच्या दाव्यासाठी साहेब पाड्यावर आलेत. म्हातारी बांधावर उभी आहे. साहेब सर्व्हे नंबर विचारतात. ती म्हणते,

"माले नंबर म्हाईत नही.
माले बांध म्हाईत शे.
हाई वावर मना सासरानी करं."

पुढची ओळ कागदाची आहे,

"अर्जदारास सर्व्हे नंबर सांगता आला नाही."

आता बघा. ती तीन वाक्यं बोलली, कागदावर एकच आलं. तेही तिच्या विरोधातलं. बांध गेला, सासरा गेला. हे मी कवितेत कुठंच म्हटलेलं नाही, भाषा बदलली तिथंच ते ऐकू येतं. तिची वाक्यंही मी प्रमाण मराठीत लिहिली असती, तर म्हातारी आणि कागद एकाच आवाजात बोलले असते. मग काय गळालं ते कुणाला कळलं नसतं.

शब्दसुद्धा बघा. 'माले' म्हणणारी बाई समोर उभी दिसते. 'अर्जदारास' म्हटलं की ती बाई आहे की बाप्या, म्हातारी की तरुण, काही राहत नाही. 'हाई वावर' म्हणायला बांधावर उभं राहून बोट दाखवावं लागतं. कागदातलं 'सदर क्षेत्र' टेबलाशी बसूनही लिहिता येतं.

पण बोली म्हणजे आपली आणि प्रमाण म्हणजे सरकारची, इतकं सोपं नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात शेवटी म्हातारीच शुद्ध मराठीत साहेबाला सुनावत होती. पाड्यावर वाचली तर बाया हसल्या. एक काकू म्हणाली, "ती आसं बोलावनी नही रे भाऊ." बरोबर होतं. ते मी बोलत होतो, तिच्या तोंडून. म्हणून शेवट बदलला. आता तिची शाळेत जाणारी नात कागद वाचते आणि म्हणते,

"आजीची दोन वाक्ये यात नाहीत.
ती लिहा. मग अंगठा मिळेल."

हे प्रमाण मराठीत आहे, पण ते आपलं आहे. साहेबाला 'समजलं नाही' म्हणायला जागा उरत नाही. कागदाची भाषा पोरीच्या तोंडी आली की तिचा अर्थ फिरतो.

वाहरूभाऊ सोनवणेंची 'स्टेज' कविता तुम्हाला माहीत आहे. स्टेजवरचे आपलंच दुःख आपल्याला सांगतात आणि आपण खाली बसून ऐकतो. ती मराठीत आहे. मला वाटतं, स्टेजवरच्यांनाही ती ऐकू गेली पाहिजे म्हणून. उलट जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली, पण ती शुद्ध करत बसले नाहीत. १९५२ साली पुस्तक निघालं ते त्यांच्याच बोलीत. ऐकून लिहिणाऱ्यानं बोलणारीचा शब्द राखला तर काय उरतं, ते तिथं दिसतं.

आणखी एक. माझ्या कवितेत अहिराणी घरची भाषा आहे. पण चोपडा-यावलकडच्या सातपुड्यात पावरा घरात पावरी बोलतात, तिथं अहिराणी बाजाराची. त्या साथीनं कविता केली तर अहिराणी कदाचित दुकानदाराच्या तोंडी येईल. तेव्हा कुठली बोली काय सांगते, हे ज्याच्या त्याच्या पाड्यावरून ठरतं.

कविता करणाऱ्यांनी एक करून बघा. भाषा बदलते ती ओळ दुसऱ्या भाषेत म्हणा. काहीच बिघडलं नाही, तर तो बदल नुसती फोडणी आहे, काढून टाका. 'माले बांध म्हाईत शे' च्या जागी 'मला बांध माहीत आहे' म्हणून बघितलं, तर ती ओळही कागदासारखीच झाली. म्हणून ती अहिराणीत ठेवली. आणि लोकांना हसवायला म्हाताऱ्यांच्या तोंडी बोली घालू नका. तसं सिनेमावाले करतात.

हे जबाबालाही लागू आहे. कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. वाचताना वाक्यं मोजा. आजी तीन बोलली असेल तर कागदावर तीन पाहिजेत, आणि जमेल तिथं तिच्याच शब्दांत.

जिंदाबाद!