चुकलेल्या भावाखाली चार ओळींची दिलगिरी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)

आज फक्त एकाच गोष्टीवर बोलते. मोबाइलवरच्या आपल्या मालाच्या यादीत भाव किंवा फोटो चुकला, तर खाली काय लिहायचं?

समजा, एका गटाचे नाचणीचे पापड आहेत. पाव किलो ९० रुपये, अर्धा किलो १८० रुपये. यादीत फोटो लागला अर्ध्या किलोच्या पुड्याचा आणि भाव पडला पाव किलोचा. तीन दिवसांत तिघींनी ९०-९० रुपये पाठवले. पुडा हातात आल्यावर त्या म्हणणारच, "फोटोत तर मोठा होता!"

अशा वेळी यादी गुपचूप बदलू नका. जुना फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये असतोच, मग आपणच खोटे ठरतो. आधी फोटो आणि भाव दुरुस्त करा, मग मालाच्या माहितीत सगळ्यात वर असं लिहा:

"दुरुस्ती, १२ जून : ९ ते १२ जून या काळात इथे अर्ध्या किलोचा फोटो आणि पाव किलोचा भाव लागला होता. गोंधळाबद्दल दिलगीर आहोत. बरोबर भाव : पाव किलो ९० रुपये, अर्धा किलो १८० रुपये. या काळात पैसे भरलेल्यांना ९० रुपयांतच अर्धा किलो मिळेल. नको असल्यास पूर्ण पैसे परत."

बघा, यात काय चुकलं, कधी चुकलं, बरोबर काय आणि पैसे भरलेल्यांचं काय, एवढंच आहे. "काही कारणास्तव गैरसोय झाली" असं मोघम लिहिलं तर गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. "नीट वाचून घ्या" असं तर लिहूच नका, ती दिलगिरी होत नाही.

आता हिशोब. जादा पाव किलोला गटाचा खर्च ६५ रुपये धरला, तर तिघींचे १९५ रुपये होतात. हा खर्च गटाच्या विक्री खात्यातून घाला, यादी टाकणाऱ्या ताईच्या खिशातून नको. नाहीतर पुढची चूक ती लपवेल. बैठकीत ठराव करून तो इतिवृत्तात लिहा.

सूचना यादीत लावली, तरी ती जुना फोटो पुढे पाठवलेल्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून त्या तिघींना फोन करा आणि ज्या ज्या ग्रुपवर जुना फोटो टाकला होता, तिथे दुरुस्ती टाका. नव्या फोटोवरच वजन आणि भाव लिहा.

सूचना काढायची कधी? तिघींचा व्यवहार मिटला आणि "अर्धा किलो ९० ला ना?" असं विचारणारे फोन थांबले, की काढा. तोवर राहू द्या.