आठपैकी कोणतेही पाच: निवडायचे कसे आणि का निवडले ते सांगायचं कसं?

मागच्या रविवारी मामेबहिणीचा फोन आला. दहावीला आहे. "दादा, वर्कशीटमध्ये आठपैकी पाच सोडवायचेत आणि शेवटी 'हेच का निवडले' तेही लिहायचंय. मी 'सोपे वाटले म्हणून' लिहू का?"

मला माझा बीटेकचा एक पेपर आठवला. तिथे मी सरळ पहिले पाच लिहीत गेलो, चौथ्यात अडकलो आणि सातवा येत असूनही वेळ उरला नाही.

तर तिचं वर्कशीट बीजगणिताचं. प्रत्येक प्रश्नाला ३ गुण, वेळ ४० मिनिटं. मी म्हटलं, पहिली ४ मिनिटं पेन उचलूच नकोस. आठही वाच आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी विचार: पहिली पायरी काय, ते मला आत्ता सांगता येतंय का? आणि उत्तर बरोबर आहे का, हे मला स्वतःला तपासता येईल का? दोन्हीला 'हो' आलं तर बरोबरची खूण. एकालाच आलं तर प्रश्नचिन्ह. बाकी फुली.

तिने आधी छोटे दिसणारे प्रश्न निवडले होते. त्यात एक ओळीचा होता: वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज 5, घनांची बेरीज 35, तर समीकरण काढा. दिसायला इवलासा, पण त्याला हे सूत्र लागतं:

α³ + β³ = (α + β)³ − 3αβ(α + β)

ते आठवलं तर 125 − 15αβ = 35, म्हणजे αβ = 6, आणि समीकरण x² − 5x + 6 = 0. तिला आठवत नव्हतं. मग फुली.

उलट तीन ओळींचा एक प्रश्न तिने लांब म्हणून सोडला होता: २ पेन आणि ३ वह्या १३० रुपयांना, ३ पेन आणि २ वह्या ९५ रुपयांना, तर एकेकाची किंमत किती? यात प्रत्येक वाक्याचं थेट एक समीकरण होतं. पेन ५ रुपये, वही ४० रुपये. परत टाकून बघा: १० + १२० = १३०, १५ + ८० = ९५. जमलं! हा घ्यायचाच.

उरली ३६ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला साधारण ७. त्यात नाही सुटला तर तिथेच थांबायचं आणि प्रश्नचिन्हवाल्यांपैकी एक घ्यायचा. गुण वेगवेगळे असतील तर मात्र तेही बघावं लागेल.

आता कारण. 'सोपे वाटले' यातून बाईंना काहीच कळत नाही. तिने शेवटी लिहिलं: "पेन-वहीचा घेतला, कारण दोन अटींची दोन समीकरणं मिळाली आणि उत्तर ताडून पाहता आलं. घनांचा सोडला, कारण मुळांची बेरीज होती, पण घनांवरून गुणाकार कसा काढायचा ते सुचलं नाही."

दुसरं वाक्य बघा. सोडलेल्या प्रश्नात ती नेमकी कुठे अडली, ते त्यात आहे. बाईंनी सोमवारी तेच सूत्र फळ्यावर घेतलं.

चला, भेटू पुढच्या भागात!