पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला आज चार शब्द बोलायला सांगितले. मी काही वक्ती नाही, शिक्षणही सातवीपर्यंतचे. पण 2024 सालच्या ऑगस्टात आमच्या चाळीत एका घराची पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा मला पंच म्हणून बोलावले होते. पुढल्या वर्षी कोर्टात साक्षही द्यावी लागली. त्या निमित्ताने वकिलांकडून आणि कायद्याच्या पुस्तकातून जे समजून घेतले, तेच आज सांगते. आपल्यापैकी कोणाच्याही दारात असा प्रसंग येऊ शकतो, आपल्या घराची झडती म्हणून नव्हे तर शेजारच्या घरी पंच म्हणून.

आधी प्रसंग सांगते. त्या घरात नवरा-बायको, म्हातारी सासू आणि नवऱ्याचा पुतण्या राहतात. पुतण्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. व्यापाऱ्याने फिर्याद दिली, की कपाटातून सोन्याच्या चार बांगड्या आणि रोख 40,000 रुपये गेले, आणि संशय ह्या मुलावर आहे. दुपारी चारच्या सुमारास फौजदार, दोन शिपाई आणि एक महिला शिपाई आले.

पुष्कळांना वाटते, की कोर्टाचे वॉरंट असल्याशिवाय पोलिसांना घरात पाऊल टाकता येत नाही. तसे नाही. गुन्ह्याचा तपास चालू असेल, हवी ती वस्तू अमुक घरात आहे असे मानायला सबळ कारण असेल आणि वॉरंट आणीपर्यंत फार उशीर होणार असेल, तर ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला किंवा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला वॉरंटाविनाही झडती घेता येते. मात्र त्याने निघण्यापूर्वी ते कारण, आणि शक्य तेवढे आपण काय शोधणार हेही, कागदावर नोंदले पाहिजे. त्या नोंदीची नक्कल 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे, आणि घरमालकाने अर्ज केला तर ती त्याला फुकट मिळाली पाहिजे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या 185 व्या कलमात हे आहे. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की साहेब, आपण काय शोधायला आला आहात? आमच्या फौजदारांनी सांगितले, बांगड्या आणि रोकड.

आता पंचांविषयी. झडती सुरू होण्यापूर्वी त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित आणि स्वतंत्र लोक बोलवावे, असे 103 वे कलम सांगते. वस्तीत कोणी मिळाले नाही किंवा कोणी तयार झाले नाही, तरच दुसरीकडून आणावे. स्वतंत्र म्हणजे काय? ज्याचे ह्या पक्षाशीही हितसंबंध नाहीत आणि त्या पक्षाशीही नाहीत, असा माणूस. आमच्याकडे पोलिसांबरोबर व्यापाऱ्याचा ड्रायव्हर आला होता. शिपाई म्हणाले, हाच एक पंच होईल. घरची बाई तेवढ्या घाबऱ्या अवस्थेतही म्हणाली, "साहेब, हा तर फिर्यादीचा माणूस." फौजदारांनी ते ऐकले, ड्रायव्हरला बाहेर गॅलरीत उभे केले आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला बोलावले. दुसरी मी. मी शेजारीण आहे म्हणून काही बिघडत नाही. भांडण किंवा नाते नसले म्हणजे झाले.

पंच व्हायला लोक कचरतात. तोंडी बोलावल्यावर नाही म्हटले तर त्याने गुन्हा होत नाही. पण लेखी हुकूम हातात दिल्यावर योग्य कारण नसता टाळले, तर तो गुन्हा धरतात. आणि कोर्टाचे म्हणाल, तर कोर्टाने समन्स पाठवल्याखेरीज पंचाला तिकडे जावे लागत नाही.

आत गेल्यावर आधी पोलिसांनी आणि आम्ही पंचांनी आपापले खिसे, पिशव्या घरच्या माणसांना दाखवल्या. हा जुना शिरस्ता चांगला आहे, कारण बाहेरून कोणी काही आणून ठेवले असे मग म्हणता येत नाही. मग एका शिपायाने मोबाईलवर चित्रण सुरू केले. हे आता 105 व्या कलमाने सक्तीचे झाले आहे. झडती, वस्तूंची यादी करणे आणि पंचांच्या सह्या, हे सारे चित्रात आले पाहिजे आणि ते चित्रण विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेले पाहिजे. घरमालकाला किंवा त्याच्या वतीने एकाला झडतीच्या सर्व वेळ हजर राहण्याचा हक्क आहे. त्याला बाहेर काढून झडती घेता येत नाही. घरच्या बाईची अंगझडती घ्यायची ठरली, तेव्हा महिला शिपाईने ती आतल्या खोलीत दार लावून, मर्यादा सांभाळून घेतली. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, हा कायदा आहे.

पंचाचे खरे काम इथून पुढे असते. पंचाने दारात उभे राहून उपयोग नाही. जिथे हात घातला जातो तिथे आपली नजर पाहिजे. माळ्यावर पुतण्याची पत्र्याची पेटी होती. त्यात जुन्या शर्टात गुंडाळलेल्या दोन बांगड्या आणि पाचशेच्या 63 नोटा मिळाल्या, म्हणजे 31,500 रुपये. त्यानंतर स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात एक पुरचुंडी सापडली. तिच्यात दोन पाटल्या आणि दोनशेच्या 40 नोटा, म्हणजे 8,000 रुपये. बाई रडायला लागली. म्हणाली, "ह्या माझ्या लग्नातल्या पाटल्या, आणि हे माझे भिशीचे पैसे."

मग शिपाई लिहायला बसले. त्यांनी पहिल्यांदा लिहिले, "घरातून पिवळ्या धातूच्या चार बांगड्या व रोख 39,500 रुपये मिळून आले." भगिनींनो, ह्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण ते वाचणाऱ्याला काय वाटेल? फिर्यादीत चार बांगड्या, इथेही चार. फिर्यादीत 40,000, इथे जवळजवळ तेवढेच. म्हणजे चोरीचा सारा माल घरात सापडला, आणि अर्धा तर बाईच्या तांदळाच्या डब्यात. बाईने चोरीचा माल दडवला, असे त्या एका ओळीने ठरत होते.

कायदा नुसती वस्तूंची यादी मागत नाही. कोणती वस्तू कोठे सापडली, तेही लिहावे असे 103 व्या कलमात स्पष्ट आहे. मी फौजदारांना म्हटले, "साहेब, पेटीतले वेगळे आणि डब्यातले वेगळे लिहा. आम्ही जसे पाहिले तसे लिहिले तरच आम्ही सही करू." दुकानदारांनीही तेच सांगितले. फौजदार समंजस होते. त्यांनी कागद नवा घेतला. पहिल्या कलमात माळ्यावरची पेटी, शर्ट, गुलाबाच्या नक्षीच्या दोन बांगड्या आणि 63 नोटा. दुसऱ्यात तांदळाचा डबा, साध्या घडणीच्या दोन पाटल्या, त्यांतल्या एकीला आतून पोचा, आणि 40 नोटा. त्याखाली, "ह्या वस्तू आपल्या असल्याचे घरातील बाईने सांगितले," हेही.

"पिवळ्या धातूच्या" ह्या शब्दांना बायका बिचकतात. त्यात लबाडी नाही. सोने खरे की खोटे हे पोलीस सांगू शकत नाहीत, म्हणून तसे लिहितात. पण म्हणूनच वजन, नग, नक्षी, खूण हे सारे लिहून घ्यावे. सोनाराला बोलावून वजन केले तर उत्तम. ते नसेल तर खुणा तरी नीट हव्यात, नाहीतर पुढे कोणती पाटली कोणाची हे कशावरून ओळखायचे?

दोन्ही ठिकाणच्या वस्तूंच्या वेगवेगळ्या पुड्या झाल्या. त्यांवर आम्हा पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लावून लाखेचे सील केले. पंचनामा किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला तेही लिहिले. सही करण्याआधी तो आम्ही वाचला, बाईला वाचून दाखवला, रिकाम्या राहिलेल्या जागेवर रेघ मारून घेतली. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये. "ठाण्यावर येऊन सही करा, मागाहून लिहू," असे म्हटले तरी नको, कारण जागेवर जे पाहिले त्याचीच ती सही असते. शेवटी पंचांच्या सह्या असलेली यादीची प्रत घरच्या माणसाला देणे बंधनकारक आहे. "उद्या न्या," असे म्हणाले, पण आम्ही तिथेच मागितली आणि कार्बनची प्रत बाईच्या हाती पडली. काही सापडले नसते, तरी तसा कागद करून घ्यायचा असतो.

पुढे काय झाले ते सांगते. पुतण्याने बाकीच्या दोन बांगड्या एका सोनाराकडे गहाण ठेवल्या होत्या. त्या तिथे मिळाल्या. व्यापाऱ्याने पेटीतल्या बांगड्या ओळखल्या, पाटल्या आपल्या नाहीत असे सांगितले. बाईने वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला. सोबत यादीची प्रत, लग्नातला फोटो आणि भिशीच्या वहीचे पान. जप्त केलेला माल ठाण्यात वर्षानुवर्षे पाडून ठेवू नये, फोटो व पंचनामा करून जामीनकतब्यावर लवकर परत द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात सांगितलेले आहे. त्याप्रमाणे तिच्या पाटल्या आणि पैसे तिला मिळाले. बाईवर खटला झाला नाही.

साक्षीत मला उलट विचारले, पेटी कोणी उघडली? तुम्ही कोठे उभ्या होता? सील तुमच्यासमोर लावले का? पंचनामा मला दाखवला, तेव्हा सही आणि मजकूर दोन्ही माझ्या ओळखीचे निघाले, म्हणून उत्तरे देताना अडखळावे लागले नाही. वकील सांगत होते, की पुष्कळ खटल्यांत तेच तेच ठरलेले पंच असतात, ते उलटतपासणीत कोलमडतात आणि खरा चोरही सुटतो. म्हणजे पंच चांगला असला तर त्यात पोलिसांचेही हितच आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. झडतीत काही चूक राहिली एवढ्यावरून सापडलेला माल पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. कोर्ट फक्त अधिक कसून तपासते. म्हणून "कायदा मोडला, आता कोर्टात पाहू," असे म्हणून गप्प बसू नये. जी हरकत असेल ती त्याच वेळी, शांतपणे, त्याच कागदावर लिहून घ्यायला सांगावी. पोलिसांना अडवू नये, हुज्जत घालू नये. यादी नीट लिहिली जाते की नाही, एवढ्यावर मात्र ठाम राहावे.